सहकाऱ्याच्या साखरपुड्याबद्दल चार ओळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसातल्या शुभेच्छापत्रांवरचा मजकूर "जरा बघून दे" म्हणत लोक माझ्याकडे कधीपासून यायला लागले, ते आता आठवत नाही. वाढदिवस, बढती, निरोप यांचे मजकूर लोक आपापले लिहितात. साखरपुड्यापाशी मात्र हात अडतो, कारण बातमी खासगी असते आणि ती देणारा माणूस आपल्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांत खरी नावं घालण्यापेक्षा मराठीतल्या जुन्या सेवकांना, म्हणजे 'अमुक' आणि 'तमुक' यांनाच कामाला लावलं आहे. अमुक आपला सहकारी, तमुक जोडीदार.

१. संदेश किती मोठा असावा?

दोन ते चार छोटी वाक्यं, म्हणजे साधारण २० ते ४० शब्द. त्यात तीनच गोष्टी लागतात: बातमी कळल्याचा आनंद, अभिनंदन आणि पुढच्यासाठी शुभेच्छा. नमुना पाहा.

"प्रिय अमुक, साखरपुड्याची बातमी ऐकून खूप आनंद झाला. मनापासून अभिनंदन! तुला आणि तमुकला पुढच्या वाटचालीसाठी खूप खूप शुभेच्छा."

हे मोजून १८ शब्द आहेत आणि यात काही कमी आहे असं कुणाला वाटणार नाही. लांब संदेशाची अडचण अशी की त्याला उत्तरही तेवढंच लांब द्यावं लागतं. साखरपुडा झालेल्या माणसाला त्या आठवड्यात पन्नास जणांना "धन्यवाद" लिहायचं असतं. तुमचा संदेश वाचून त्याला हसू यावं आणि दोन शब्दांत उत्तर देता यावं, एवढीच लांबी ठेवा.

२. 'अभिनंदन' लिहू की 'शुभेच्छा'? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत. जे घडलं त्याबद्दल अभिनंदन करतात आणि जे घडायचं आहे त्यासाठी शुभेच्छा देतात. साखरपुडा या दोन्हींच्या मधोमध उभा असतो, म्हणून दोन्ही शब्द चालतात आणि दोन्ही असले तर संदेश भरलेला वाटतो. एकच घ्यायचा असेल तर 'अभिनंदन' घ्या. नुसत्या शुभेच्छा वाचताना बातमीबद्दल काही बोलायचं राहून गेलं असं वाटतं.

खरी गडबड विभक्तीत होते. अभिनंदन माणसाचं असतं, शुभेच्छा माणसाला असतात. म्हणजे "तुझं अभिनंदन" आणि "तुला शुभेच्छा". हल्ली "तुला अभिनंदन" सर्रास दिसतं, ते या दोन वाक्यांची सरमिसळ होऊन आलेलं आहे. तसंच "साखरपुड्याबद्दल अभिनंदन" म्हणतात, "साखरपुड्याच्या अभिनंदन" नाही. "साखरपुड्याच्या शुभेच्छा" मात्र बरोबर आहे.

शुद्धलेखनाच्या दोनच चुका मला सतत दिसतात. 'हार्दीक' असं दीर्घ लिहितात, ते ऱ्हस्व 'हार्दिक' आहे. आणि 'शुभेछा' लिहितात. शुभ आणि इच्छा जोडून 'शुभेच्छा' होतं, इच्छेतला च त्यात राहायलाच हवा. छापील कार्डावर जाणारा मजकूर असेल तर या दोन शब्दांवरून एकदा बोट फिरवा.

३. ऑफिस आहे म्हणून 'आपण' लिहावं का? आम्ही एरवी अरे-तुरेच करतो.

मग अरे-तुरेच करा. चहाच्या वेळी जे सर्वनाम तोंडात असतं तेच लेखी संदेशात यावं. रोज "अरे, ती फाइल बघितलीस का" म्हणणाऱ्याकडून "आपणास साखरपुड्याप्रीत्यर्थ हार्दिक शुभेच्छा" आलं की वाचणारा गोंधळतो. आपल्यावर हा रागावला आहे की कुठून तरी उतरवून पाठवलं आहे, हेच त्याला कळत नाही. आदर वाढण्याऐवजी अंतर वाढतं.

ज्यांना तुम्ही अहो-जाहो करता त्यांना 'तुम्ही' पुरतं. 'आपण' हे पूर्ण परक्या किंवा फार वरिष्ठ व्यक्तीसाठी राखून ठेवा, तेही बोलताना म्हणत असाल तरच.

'तुम्ही' वापरताना एक खाच आहे. हे सर्वनाम आदरार्थीही आहे आणि अनेकवचनीही. "तुम्हाला शुभेच्छा" म्हटलं तर त्या एकट्याला की दोघांना, हे कळत नाही. म्हणून तिथे "तुम्हा दोघांना" असं मोकळं लिहा. उलट ज्याला 'तू' म्हणता त्यालाही जोडीदारासकट संबोधताना "तुम्हा दोघांना" येतंच, त्यात परकेपणा नाही.

आणि एका संदेशात एकच सूर ठेवा. पहिल्या वाक्यात 'आपण', दुसऱ्यात 'तुझ्या', तिसऱ्यात 'तुमच्या' असं झालं की मजकूर तीन ठिकाणांहून जमवल्याचं लगेच कळतं. प्रश्न ८ मधल्या उदाहरणात नेमकं हेच झालं होतं.

४. 'तुझं अभिनंदन' की 'तुझे अभिनंदन'?

दोन्ही चालतात. अनुस्वाराचं रूप बोलण्याच्या जवळचं, मात्रेचं रूप लेखी वळणाचं. मोबाइलवरच्या संदेशात मी 'तुझं' लिहीन, व्यवस्थापनाच्या सहीनं जाणाऱ्या पत्रात 'तुमचे'. फक्त एका मजकुरात दोन्ही नकोत.

५. साखरपुडा, वाङ्निश्चय, एंगेजमेंट... नेमका शब्द कोणता?

ज्याची बातमी आहे त्यानं जो शब्द वापरला तो. तो "माझी एंगेजमेंट झाली" म्हणाला असेल तर 'एंगेजमेंट' लिहायला लाजू नका. आपणहून निवडायचा असेल तर 'साखरपुडा' सगळ्यांत घरगुती आणि सगळ्यांना कळणारा. 'वाङ्निश्चय' छापील पत्रिकेत शोभतो, सहकाऱ्याच्या दोन ओळींत जड होतो. शिवाय टंकताना ङ आणि नि यांची जी मोडतोड होते ती होतेच.

एक फरक मात्र पाळा. "लग्न ठरलं" आणि "साखरपुडा झाला" या वेगवेगळ्या बातम्या आहेत. नुसतं ठरलं असेल तर "लग्न ठरल्याचं कळलं, मनापासून अभिनंदन" लिहा. न झालेल्या साखरपुड्याचं अभिनंदन आलं की समोरच्याला आधी खुलासा करावा लागतो आणि मग आभार मानावे लागतात.

याच कारणानं "वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छा", "सुखी संसारासाठी शुभेच्छा" ही वाक्यं आत्ता खर्च करू नका. ती लग्नाची आहेत. आत्ताच वापरली तर लग्नाच्या कार्डावर काय लिहिणार? 'पुढच्या वाटचालीसाठी', 'या नव्या टप्प्यासाठी', 'पुढच्या तयारीसाठी' हे शब्द साखरपुड्याला नेमके बसतात.

६. जोडीदाराचं नाव लिहावं का? आणि 'दोघे', 'दोघं', 'दोघी' यातलं काय वापरू?

नाव सहकाऱ्यानं स्वतः सांगितलं असेल आणि ते कसं लिहितात याची खात्री असेल तर जरूर लिहा. "तुला आणि तमुकला" हे "तुला आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला" यापेक्षा कितीतरी आपलेपणाचं वाटतं. नाव दुसऱ्याकडून ऐकलं असेल, समाजमाध्यमांवर शोधून काढलं असेल किंवा त्यातली वेलांटी कुठली हे ठाऊक नसेल तर नाव टाळा. चुकलेलं नाव हे न लिहिलेल्या नावापेक्षा जास्त लक्षात राहतं.

नाव टाळून जोडीदाराला संदेशात घ्यायचं तर 'तुम्हा दोघांना' हा सोपा मार्ग. मराठीत इथे लिंग आडवं येतं: दोन पुरुष असतील तर 'दोघे', दोन स्त्रिया असतील तर 'दोघी', एक स्त्री आणि एक पुरुष असेल तर बोलण्यात 'दोघं', तेच लेखी वळणात 'दोघे'. विभक्ती लागली की 'दोघांना' पहिल्या आणि तिसऱ्या जोडीला सारखंच चालतं, दोन स्त्रियांसाठी मात्र 'दोघींना' होतं. जोडीदार कोण आहे हे सहकाऱ्यानं सांगितलेलंच नसेल तर आपण अंदाज बांधू नये. 'तुझ्या जोडीदाराला' किंवा 'तुम्हा उभयतांना' यात काहीच गृहीत धरलेलं नाही. 'उभयतां' थोडं पत्रिकेतलं वाटतं, म्हणून माझी पसंती 'जोडीदारा'ला. तेही नको असेल तर वाक्य फक्त सहकाऱ्यापुरतं ठेवा: "तुझ्यासाठी खूप आनंद झाला."

७. काय लिहू नये? आमच्याकडे सगळे थट्टा करतात, त्यामुळे सीमारेषा कळत नाही.

सगळ्यांत आधी 'एकदाचा' हा शब्द. "झाला एकदाचा साखरपुडा!" यातला आनंद खरा असेल, पण या एका शब्दात "किती वाट पाहायला लावलीस" ही तक्रार दडलेली आहे. जिला गेली काही वर्षं घरी-दारी हाच प्रश्न ऐकावा लागला असेल, तिला तो ऑफिसातूनही ऐकू येतो. 'अखेर' आणि 'शेवटी' हे त्याचेच भाऊ. "आता मागे कोण राहिलं?" असं म्हणत गटातल्या दुसऱ्या अविवाहित सहकाऱ्याकडे बोट दाखवणं हा याच घरातला आणखी वाईट प्रकार. त्यात एकाचं अभिनंदन दुसऱ्याच्या अंगावर टाकलं जातं.

दुसरा गट स्वातंत्र्याच्या विनोदांचा: "गेलं तुझं स्वातंत्र्य", "अजून वेळ आहे, विचार कर." हे जुने झाले आहेत, एवढं सांगून पुढे जातो.

तिसरा गट मात्र नीट पाहावा लागेल, कारण तो काळजीच्या वेषात येतो. "आता नोकरीचं काय ठरवलंस?", "बदली मागणार का?", "मोठी सुट्टी घेणार असशील." मित्राला मित्रानं हे विचारलं तर चौकशी असते. कामाच्या ठिकाणी, आणि विशेषतः वरिष्ठांनी विचारलं, तर त्याचा कामाच्या निर्णयाशी संबंध जोडला जातो. आणि हा प्रश्न बहुतेक वेळा स्त्रियांनाच येतो, पुरुष सहकाऱ्याला कुणी "आता काम सुरू ठेवणार ना?" विचारत नाही. अभिनंदनाच्या ओळीत नोकरी, सुट्टी, बदली यातलं काहीही येऊ देऊ नका. ती चर्चा होईल तेव्हा सहकारी स्वतः सुरू करेल.

चौथं, दिसण्याबद्दलचं. फोटो पाहिला असेल तर "फोटोत दोघं फार आनंदी दिसताय" इथपर्यंत ठीक. त्यापलीकडे कपडे, अंगठी, जोडा कसा शोभतो, कोण कुणापेक्षा उजवं, यात शिरू नका. "नशीबवान आहे बुवा तो" ही कौतुकाची ओळ वाटते, पण तीही तुलनाच आहे.

"पार्टी कधी?" याबद्दल माझं मत मवाळ आहे. तोंडी, हसत, मित्रानं विचारलं तर बिघडत नाही. लेखी संदेशात ती अभिनंदनानंतर लगेच आलेली मागणी वाटते.

८. मी हे लिहिलं आहे, पाठवू का? (एका सहकाऱ्यानं दाखवलेला मजकूर, त्याच्या परवानगीनं)

"अरे वा, शेवटी एकदाचा साखरपुडा झाला म्हणायचा! आपणास व आपल्या भावी पत्नीस वैवाहिक जीवनाच्या हार्दीक शुभेच्छा. तुला खूप अभिनंदन. फोटोत वहिनी मस्त दिसतायत, तू मात्र घाबरलेला! आता आमच्यासाठी वेळ मिळेल ना? पार्टी कधी? लग्नाची तारीख ठरली की लगेच सांग, सुट्ट्यांचं बघावं लागेल."

लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसतात आणि त्यांची चांगली मैत्री आहे. मजकुरात वाईट हेतू कुठेच नाही. तरी वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर ४२ शब्दांत त्याला एक टोमणा, एक वधूपरीक्षा, एक थट्टा, दोन मागण्या आणि कामाची एक आठवण मिळते. अभिनंदन मिळतं तीन शब्दांत, तेही चुकीच्या विभक्तीत.

मधलं "आपणास व आपल्या भावी पत्नीस" हे वाक्य कुठून तरी उचललेलं आहे हे मी विचारण्याआधीच त्यानं कबूल केलं. सूर बदलतो तिथे शिवण दिसतेच. 'वहिनी' शब्दात आपुलकी आहे, पण त्या व्यक्तीला तो अजून भेटलेलाही नव्हता. आणि नातं लावून लगेच दिसण्यावर बोलल्यामुळे आपुलकीपेक्षा सलगी पुढे आली.

मी त्याला एवढंच विचारलं की बातमी तुला कशी कळली. तो म्हणाला, सोमवारच्या बैठकीत सगळं संपल्यावर त्यानं हळूच "अजून एक सांगायचंय" म्हटलं आणि कान लाल झाले. मग हेच लिही की, म्हटलं. शेवटी गेलेला संदेश असा:

"अमुक, सोमवारच्या बैठकीत शेवटी हळूच 'अजून एक सांगायचंय' म्हणालास, तेव्हाच तुझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. मनापासून अभिनंदन! तुला आणि तमुकला पुढच्या प्रवासासाठी खूप शुभेच्छा."

यात २३ शब्द आहेत. थट्टा गेली नाही, फक्त ती त्या दोघांमधल्या एका खऱ्या क्षणावर आली. दुसऱ्या कुणालाही हा संदेश पाठवता येणार नाही, आणि ऊब इथूनच येते. विशेषणं वाढवून ती येत नाही. असा क्षण आठवत नसेल तर बळेच शोधू नका, प्रश्न १ मधला साधा नमुना पुरेसा आहे.

९. मी त्यांचा वरिष्ठ आहे. वेगळं काही पाळायचं का?

हो, आणखी लहान लिहा. तुमच्या शब्दाला पदाचं वजन असतं, त्यामुळे "कामाचं टेन्शन घेऊ नकोस" ही चांगल्या मनानं लिहिलेली ओळसुद्धा आपल्याकडचं काम काढून घेणार की काय, अशी वाचली जाऊ शकते. "बातमी ऐकून खरंच आनंद झाला. तुझं आणि तमुकचं मनापासून अभिनंदन!" एवढं पुरे. शक्यतो एकट्याला पाठवा किंवा समोर जाऊन सांगा. आणि एका हाताखालच्या माणसाला सविस्तर, दुसऱ्याला नुसतं "अभिनंदन" असं करू नका, लोक हे लक्षात ठेवतात.

१०. उलट, साहेबांचा किंवा मॅडमचा साखरपुडा झाला आहे. मी नवीन आहे.

"सर, साखरपुड्याबद्दल मनापासून अभिनंदन! तुम्हा दोघांना पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा." संबोधन रोजचं, सर्वनाम 'तुम्ही'. "आपल्यासारख्या आदर्श व्यक्तिमत्त्वास" वगैरे लिहिलंत तर अभिनंदनापेक्षा पगारवाढीची आठवण होते.

११. ग्रुपवर टाकू, मेल करू, की वेगळं पाठवू?

बातमी जिथे दिली गेली तिथेच पहिलं अभिनंदन द्यावं. सहकाऱ्यानं विभागाच्या ग्रुपवर सांगितलं असेल तर ग्रुपवर एक ओळ टाका. तुम्ही रोज एकत्र काम करत असाल तर प्रश्न ८ सारखा खास संदेश वेगळा पाठवा, कारण खासगी आठवण चाळीस जणांसमोर वाचायला प्रत्येकाला आवडत नाही.

सगळ्यांना आलेल्या मेलला उत्तर देताना 'सर्वांना उत्तर' दाबलं जातं आणि दिवसभर प्रत्येकाच्या पेटीत "अभिनंदन", "अभिनंदन", "+१" येत राहतं. मेलवर द्यायचंच असेल तर फक्त त्या व्यक्तीला द्या. विषयाच्या जागी नुसतं "अभिनंदन" लिहिलंत तरी चालतं, फक्त कामाच्या जुन्या मेललाच उत्तर म्हणून पाठवू नका. "तिमाही अहवाल: तिसरी आठवण" या विषयाखाली आलेलं अभिनंदन मी स्वतः पाहिलेलं आहे.

चेहरे आणि फुलं? एखादं ठीक. लाल हृदय ऑफिसात नको.

१२. सगळ्यांनी मिळून एक कार्ड द्यायचं आहे. त्यावर काय लिहायचं?

मध्ये सामाईक मजकूर एकच आणि साधा ठेवा: "अमुक आणि तमुक, तुमच्या साखरपुड्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून अभिनंदन!" खाली प्रत्येकानं नाव आणि हवे असतील तर चार-पाच शब्द. कार्ड दोघांच्या नावानं असल्यामुळे ते जोडीदारही वाचणार, घरचेही वाचणार. ऑफिसातला विनोद तिथे कुणाला समजत नाही आणि त्याचा खुलासा अमुकला करावा लागतो.

सही करताना पहिल्या माणसानं किती मोठं लिहायचं हे ठरतं, बाकीचे त्याचं पाहून लिहितात. म्हणून कार्ड पहिल्यांदा मोजकं लिहिणाऱ्याच्या हातात द्या. ते फिरवताना लिफाफा साधा आणि कोरा घ्या, वर नाव टाकलं की कार्ड हमखास त्याच टेबलावर जाऊन पोहोचतं.

१३. बातमी मला दुसऱ्याकडून कळली. अभिनंदन करू का?

थांबा. बातमी कुणाला, कधी सांगायची हे त्या व्यक्तीचं असतं. अंगठी दिसली किंवा फोटो पाहिला म्हणून सगळ्यांसमोर "अरे, सांगितलं नाहीस!" म्हणणं म्हणजे तिच्या हातातली गोष्ट काढून घेणं. तिनं तुम्हाला सांगितलं, सर्वांना सांगितलं किंवा तुमच्या ओळखीतल्या सगळ्यांना दिसेल असं स्वतः मांडलं, की मग लिहा. आणि तेव्हाही "मला आधीच माहीत होतं" हे लिहू नका.

१४. महिना उलटून गेला, राहूनच गेलं. आता बरं दिसेल का?

दिसेल. लग्न होईपर्यंत साखरपुड्याचं अभिनंदन शिळं होत नाही. उशिराबद्दल अर्धं वाक्य पुरतं: "उशिरा लिहितोय, पण मनापासून, अभिनंदन!" (लिहिणारी स्त्री असेल तर 'लिहितेय'.) कारणं सांगत बसलात तर संदेश तुमच्याबद्दलचा होतो. लग्न होऊन गेलं असेल तर साखरपुड्याचा विषय काढू नका, सरळ लग्नाचं अभिनंदन करा.

१५. फारशी ओळख नाही, किंवा आमचं पटत नाही. तरी लिहायचं?

ओळख नसेल तर ग्रुपवरची एक ओळ पुरते, वेगळा संदेश लागत नाही. पटत नसेल तर मी उलट सांगेन: लिहा, पण सगळ्यांत साधं लिहा. "साखरपुड्याबद्दल अभिनंदन आणि शुभेच्छा." 'मनापासून' हा शब्द नसला तरी चालेल, खोटं वाटेल ते लिहू नये. आणि याच संदेशात "आपल्यात जे झालं ते विसरून" असं काही आणू नका. समेट करायचा असेल तर त्यासाठी वेगळा दिवस शोधा.

१६. सहकाऱ्याचा हा दुसरा साखरपुडा आहे. काही वेगळं लिहावं का?

अजिबात नाही. 'पुन्हा', 'नव्यानं', 'या वेळी' हे शब्द काढून टाका आणि प्रश्न १ मधला नमुना जसाच्या तसा वापरा. 'नवी सुरुवात' हा शब्दप्रयोग एरवी निरुपद्रवी आहे, इथे मात्र तो जुन्याकडे बोट दाखवतो. जुनी हकीकत तुम्हाला जवळून ठाऊक असेल आणि तिनं स्वतःच ती तुमच्याशी बोललेली असेल, तर "तुला इतकं आनंदात पाहून फार बरं वाटलं" एवढं खासगीत लिहा. कळायचं ते तिला कळतं.

१७. दोघंही आमच्याच ऑफिसातले आहेत!

दोघांशी सारखी ओळख असेल तर एकच संदेश दोघांना एकत्र: "अमुक आणि तमुक, तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन!" एकाशीच ओळख असेल तर त्यालाच लिहा आणि दुसऱ्याचा उल्लेख नावानं करा, "तुझ्या तिला" असं नको, कारण तीही तुमची सहकारी आहे. "आम्हाला कधीच संशय आला होता", "म्हणूनच दोघं एकदम जेवायला जात होतात" ही वाक्यं खास टाळा. त्यातून त्यांच्या आजवरच्या कामाकडे सगळे वेगळ्या नजरेनं पाहायला लागतात. एक जण दुसऱ्याच्या हाताखाली काम करत असेल तर संदेशात त्याचा उल्लेख थट्टेतसुद्धा नको.

१८. त्याच दिवशी टीममधल्या दुसऱ्या कुणावर दुःखाचा प्रसंग आला आहे. ग्रुपवर अभिनंदन कसं करायचं?

त्या दिवशी ग्रुपवर करू नका. साखरपुड्याचं अभिनंदन खासगीत पाठवा, ते पाठवायला काहीच हरकत नाही. ग्रुपवर दोन-चार दिवसांनी, कुणीतरी कार्डाचा किंवा सामाईक मजकुराचा विषय काढेल तेव्हा लिहा. दोन्ही बातम्यांना एकाच संदेशात उत्तर देण्याचा मोह टाळा, तो कितीही जपून लिहिला तरी दोन्हींकडे विचित्रच दिसतो.

१९. मी अभिनंदन पाठवलं आणि नंतर कळलं की साखरपुडा मोडला. आता काय करू?

पाठवलेला संदेश पुसू नका. पुसल्याची खूण तिथे राहते आणि ती जास्त बोलते. तुम्ही लिहिलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे समोरच्याला कळतं. मोडल्यानंतर लिहिलं गेलं असेल तर एकच ओळ: "मला कल्पना नव्हती, माफ कर." कारण विचारू नका, "जे होतं ते बऱ्यासाठी" म्हणू नका, आणि तो उत्तर देईल अशी वाट पाहू नका. कार्ड अजून टेबलांवर फिरत असेल तर ते आजच्या आज कुणाकडे आहे ते शोधून ताब्यात घ्या.